म्युनिकचं भाडं आणि पुण्याचा एचआरए

घरभाडे भत्ता, म्हणजेच एचआरए. पगाराच्या स्लिपवर तो दर महिन्याला दिसतो, पण त्यातला किती भाग करमुक्त आहे हे बहुतेकांना मार्चमध्येच कळतं. माणूस वर्षाच्या मध्यात पुण्याहून जर्मनीला गेला की हे गणित आणखी अवघड होतं. भत्ता भारतातून मिळतो, भाडं युरोत जातं आणि पुण्याच्या घरात कुटुंब राहत असतं. अशा वेळी सूट कोणत्या भाड्यावर मागायची?

आधी मूळ नियम बघू. 1961च्या आयकर कायद्याचं कलम 10(13अ) आणि त्याखालचा नियम 2अ तीन आकडे काढायला सांगतो. पहिला, प्रत्यक्ष मिळालेला एचआरए. दुसरा, भरलेल्या भाड्यातून पगाराचे 10 टक्के वजा करून उरलेली रक्कम. तिसरा, घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत असेल तर पगाराचे 50 टक्के आणि इतर कुठेही असेल तर 40 टक्के. या तिघांत जो सर्वांत लहान, तेवढीच सूट. इथे ‘पगार’ म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे. मूळ वेतन धरायचं आणि सेवाशर्तींत तसं असेल तर त्यात महागाई भत्ता मिळवायचा. विक्रीवर ठरावीक टक्क्यांनी कमिशन मिळत असेल तर तेही धरतात. बाकीचे भत्ते धरत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अमेय पुण्यातल्या एका कंपनीत अभियंता आहे. एप्रिल 2024मध्ये त्याचं मूळ वेतन 60,000 रुपये, एचआरए 24,000 आणि फ्लॅटचं भाडं 22,000. एप्रिल ते जून या तीन महिन्यांचं गणित असं: एचआरए 24,000, भाडं वजा दहा टक्के म्हणजे 22,000 − 6,000 = 16,000 आणि पगाराचे 40 टक्के 24,000. सर्वांत लहान आकडा 16,000, म्हणजे तीन महिन्यांचे 48,000 रुपये करमुक्त.

जुलैत पगारवाढ झाली. मूळ वेतन 70,000, एचआरए 28,000, भाडं तेवढंच. आता भाडं वजा दहा टक्के 15,000 झालं. म्हणजे पगार वाढला आणि सूट महिन्याला हजाराने घटली! जुलै ते सप्टेंबरची सूट 45,000. सहा महिन्यांची एकूण 93,000. मिळालेला एचआरए 1,56,000 होता, त्यातले 63,000 करपात्र ठरले. पगार, भाडं, भत्ता किंवा शहर यांपैकी काहीही बदललं की त्या महिन्यापासून गणित नव्याने मांडायचं, ते यासाठी. वर्षाची सरासरी काढली तर आकडा चुकू शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शहराचा प्रकार या गणितात अजून कामालाच आलेला नाही. घर मुंबईत असतं आणि तिसरा आकडा 50 टक्के झाला असता, तरी सूट तेवढीच राहिली असती. 40 टक्क्यांची मर्यादा आडवी यायला दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात: भाडं पगाराच्या निम्म्याहून जास्त हवं आणि एचआरएही 40 टक्क्यांहून जास्त हवा.

1 ऑक्टोबरला अमेय म्युनिकला गेला. कंपनीनेच पाठवलं, त्यामुळे पगार आणि एचआरए पुण्यातूनच चालू. कंपनीने तिथे घर दिलेलं नाही, एका छोट्या घराचे 900 युरो तो स्वतः भरतो. पत्नी मार्चपर्यंत पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहे आणि तिथलं 22,000 भाडंही तोच भरतो. त्या आर्थिक वर्षात तो 182 दिवसांहून जास्त भारतात होता, म्हणून त्या वर्षापुरता तो भारताचा रहिवासीच ठरतो आणि हा पगार भारतात करपात्र राहतो.

अशा वेळी बहुतेक लोक पुण्याच्या जुन्या पावत्याच पुढे देत राहतात. पण नियमाचे शब्द बघा: सूट मिळते ती करदाता स्वतः राहत असलेल्या घराच्या भाड्यासाठी, आणि तो जितका काळ तिथे राहिला तितक्याच काळासाठी. ऑक्टोबरनंतर अमेय पुण्याच्या घरात राहत नव्हता. अधिकाऱ्याने नेमकं हेच विचारलं, तर पासपोर्टवरचा शिक्काच त्याच्या विरोधात जाईल.

मग म्युनिकचं घर चालेल का? नियमात चार महानगरांची नावं आहेत आणि त्यानंतर ‘इतर कोणतंही ठिकाण’. ते ठिकाण भारतातच हवं, असं तिथे लिहिलेलं नाही. म्हणून म्युनिक हे ‘इतर ठिकाण’, 40 टक्क्यांचं. जर्मनीतल्या सर्वांत महाग शहरांपैकी एक आपल्या नियमात पुणे-नाशिकच्या रांगेत बसतं! युरोचे 90 रुपये धरले तर भाडं 81,000. त्यातून 7,000 वजा केले की 74,000. पगाराचे 40 टक्के 28,000 आणि एचआरएही 28,000. म्हणजे पूर्ण 28,000 करमुक्त, सहा महिन्यांचे 1,68,000.

पुण्याच्या पावत्यांवर महिन्याला 15,000च मिळाले असते, आणि तेही कमकुवत पायावर. दोन्ही भाडी एकत्र दाखवावीत का, या वादात पडूच नका. एचआरएची मर्यादा म्युनिकच्या भाड्यानेच गाठली आहे, बेरीज करून एक रुपयाही वाढत नाही.

कागदांचं काय? जर्मन भाडेकरार, बँकेतून गेलेल्या भाड्याच्या नोंदी आणि महापालिकेतल्या पत्तानोंदणीचा दाखला, म्हणजे ‘आन्मेल्डुंग’चा कागद, जपून ठेवा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असलं की घरमालकाचा पॅन लागतो. जर्मन मालकाकडे तो नसणारच, म्हणून पॅन नसल्याचं त्याचं निवेदन नाव-पत्त्यासह घ्यावं. इतकं करूनही कंपनीचा पगार विभाग कदाचित नाही म्हणेल. तेव्हा हा दावा स्वतःच्या विवरणपत्रात करता येतो.

पण एक अट आहे, आणि परदेशातून विवरणपत्र भरणारे तिथेच अडकतात. एचआरएची सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. 2023-24पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरून ती निवडावी लागते. मुदत गेली की नवी प्रणालीच, आणि सूट शून्य. अमेय 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह फक्त म्युनिकच्या सहा महिन्यांवरचा फरक 52,416 रुपयांचा आहे. अर्थात नव्या प्रणालीचे दर कमी आहेत, म्हणून दोन्हींचं गणित करूनच निवडायचं.

पुढे अमेयने जर्मन कंपनीचा स्थानिक करार घेतला, तर एचआरए संपला. तिथे असा भत्ता नाही. पण कुटुंबाचं मुख्य घर दुसरीकडे असेल आणि त्याच्या खर्चातला 10 टक्क्यांहून जास्त वाटा तो उचलत असेल, तर नोकरीच्या गावच्या दुसऱ्या घराचा खर्च महिन्याला 1,000 युरोपर्यंत करातून वजा होऊ शकतो. याला ‘डोपेल्टे हाउसहाल्ट्सफ्युरुंग’ म्हणतात. म्हणजे भारतात आडवं आलेलं पुण्याचं घर इथे उलट आधार ठरतं. शहरांची वर्गवारी जर्मनीतही आहे, पण ती कमी उत्पन्नवाल्यांच्या ‘वोनगेल्ड’ या घरभाडे साहाय्यासाठी. तिच्यात भाड्याच्या पातळीनुसार सात पायऱ्या आहेत आणि म्युनिक सर्वांत वरच्या, सातव्या पायरीवर. आपल्याकडे पायऱ्या दोनच.

वरचे आकडे आर्थिक वर्ष 2024-25चे आहेत. 1 एप्रिल 2026पासून 2025चा नवा आयकर कायदा लागू होतो, त्यामुळे त्यापुढच्या वर्षांसाठी 50 टक्क्यांच्या शहरांची यादी त्या कायद्याच्या नियमांतूनच घ्या.