अप्पांच्या खात्यात आलेले पाच हजार

"अगं, मी पैसे काढून बघितलेत. पाच हजार मागितले, अर्ध्या तासात खात्यात जमा झाले. फसवणारा माणूस कधी पैसे परत देतो का?"

या प्रश्नापाशी बहुतेक घरांतला वाद अडतो. मुलगी म्हणते, हे सगळं खोटं आहे. वडील म्हणतात, पैसे आले ना! इथले अप्पा आणि त्यांची लेक कोणा एका घरातले नाहीत. शेअर बाजाराच्या नावाने चालणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांच्या तक्रारींत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते मी या दोघांच्या तोंडी घातलं आहे. अप्पा निवृत्त आहेत. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवले आहेत आणि मुदत ठेवीच्या व्याजावर ते नाराज आहेत.

सुरुवात बहुधा फेसबुकवरच्या जाहिरातीने होते. तिच्यात एखाद्या नावाजलेल्या बाजारतज्ज्ञाचा चेहरा असतो, अर्थात त्याला न विचारता लावलेला. जाहिरातीवर बोट ठेवलं की माणूस थेट ग्रुपमध्ये. तिथे एक 'प्रोफेसर' रोज संध्याकाळी बाजार समजावून सांगतो, त्याची 'असिस्टंट' सकाळी सुप्रभात पाठवते, तब्येतीची चौकशी करते. पहिले काही दिवस पैशाचं नावही निघत नाही. मग एक अ‍ॅप येतं. ते प्ले स्टोअरवर सापडत नाही, लिंकवरून उतरवून घ्यावं लागतं. "हे मोठ्या परदेशी संस्थांचं खातं आहे, यात शेअर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात," असं सांगितलं जातं. सेबीने 2024 मध्येच या बतावणीविरुद्ध लोकांना सावध केलं होतं. परदेशी गुंतवणूकदारांचा मार्ग, मोजके अपवाद सोडले तर, भारतात राहणाऱ्यांना खुलाच नाही.

अप्पांच्या लेकीने यातलं काहीच काढलं नाही. ती म्हणाली, "अप्पा, ते पाच हजार कोणाच्या नावावरून आले, ते दाखवता?"

अप्पांनी पासबुक उघडलं. ब्रोकरचं नाव कुठेच नव्हतं. भलत्याच कोणा इसमाच्या नावावरून पैसे आले होते.

"आणि तुम्ही पाठवलेले?"

पहिले पन्नास हजार एका ट्रेडिंग कंपनीच्या नावे गेले होते, पुढचे दीड लाख एका केटरिंगवाल्याच्या नावे. दोन्ही खाती वेगवेगळ्या राज्यांतली.

"असिस्टंट म्हणाली, कंपनीचं खातं लिमिटला आलंय, म्हणून दुसरं दिलं."

"शेअर घ्यायला केटरिंगवाल्याला पैसे कशाला द्यायचे, अप्पा?"

पोलीस अशा खात्यांना म्यूल अकाउंट म्हणतात, म्हणजे कमिशन घेऊन दुसऱ्याला वापरायला दिलेलं खातं. एका माणसाकडून आलेले पैसे त्यातून काही मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगवले जातात. अप्पांना मिळालेले पाच हजार नफ्याचे असण्याची शक्यता जवळपास नाही. ते त्यांच्यासारख्याच दुसऱ्या कोणाचे असू शकतात, आणि त्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग काढत बँक अप्पांच्या खात्यावरही रोख लावू शकते. ज्या जमेला अप्पा पुरावा समजत होते, तीच त्यांना अडचणीत आणू शकणारी नोंद होती.

तरीही अप्पा एवढ्यावर वळले नाहीत, आणि मला त्यात नवल वाटत नाही. अ‍ॅपमध्ये त्यांचे दोन लाख आता तीन लाख चाळीस हजार दिसत होते. डोळ्यांसमोरचा आकडा खोटा मानायला माणूस सहज तयार होत नाही. ते म्हणाले, "रोज दोन टक्के म्हणजे काही फार नाही. बाजार एवढा वरखाली होतोच."

लेकीने मोबाइलवर हिशेब केला. बाजार वर्षातून साधारण अडीचशे दिवस चालतो. रोज दोन टक्के मिळाले आणि नफा त्यातच राहिला, तर एका लाखाचे वर्षात सुमारे एक कोटी एकेचाळीस लाख होतात. दुसऱ्या वर्षाअखेर जवळपास दोनशे कोटी. "हे ज्याला जमतं, तो तुमचे दोन लाख कशाला मागेल?"

अप्पांनी मग शेवटचं पान टाकलं: सेबीचं प्रमाणपत्र, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासकट. इथे पुष्कळ शिकलेली माणसंही फसतात, कारण तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर टाकला तर खरा निघतो. तो कुठल्यातरी प्रामाणिक संस्थेचा उचललेला असतो. म्हणून तपास उलट्या बाजूने करावा. सेबीच्या यादीत त्या संस्थेचा जो फोन किंवा ईमेल दिला आहे, त्यावरच विचारायचं: हा ग्रुप, हे अ‍ॅप तुमचं आहे का? ग्रुपमध्ये दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही. शिवाय 'सेबी चेक' या सोयीतून ज्या खात्यात पैसे भरायला सांगितलेत ते नोंदणीकृत ब्रोकरचं आहे का, हेही पैसे पाठवण्याआधी पाहता येतं.

याहून पक्की खूण एकच. भारतात घेतलेला शेअर ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये राहत नाही, तो तुमच्या पॅनशी जोडलेल्या डीमॅट खात्यात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असतो. ज्या महिन्यात व्यवहार झाला, त्या महिन्याचं एकत्रित विवरण तिथून येतं. अप्पांच्या नावावर अशा विवरणात एकही शेअर नव्हता. तीन लाख चाळीस हजार हा फक्त पडद्यावर टाइप केलेला आकडा होता.

लेकीने थांबवलं नसतं तर पुढचा डाव ठरलेला असतो. अ‍ॅप एखाद्या आयपीओचे मागितले त्याहून कितीतरी जास्त शेअर 'मंजूर' करतं आणि उरलेले पैसे भरा, नाहीतर खातं गोठेल, असं बजावतं. इथेच लोक सोनं गहाण ठेवतात, कर्ज काढतात. मोठी रक्कम काढायला गेलं की वीस टक्के कर आधी भरा, असा निरोप येतो. भारतात राहणाऱ्याने शेअरवर कमावलेल्या नफ्याचा कर ब्रोकरकडे भरायचा नसतो. तो स्वतः आयकर खात्याकडे भरायचा असतो, आणि पैसे काढण्यासाठी तो आधी भरायची अट कधीच नसते.

अप्पा बऱ्याच वेळाने म्हणाले, "ग्रुपमध्ये दीडशे माणसं आहेत. सगळी रोज नफ्याचे फोटो टाकतात."

"त्यातल्या एकाला तरी तुम्ही ओळखता?"

ते कोणालाच ओळखत नव्हते. अशा ग्रुपांत बरीचशी माणसं टोळीचीच असतात. ग्रुपवर फक्त प्रशासकच लिहू शकेल अशी सोयही अनेकदा केलेली असते, म्हणजे शंका विचारणाऱ्याचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही.

त्या रात्रीच बापलेकीने 1930 वर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. व्यवहाराचे क्रमांक, खात्यांची नावं, ग्रुपमधल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट सगळं जोडलं. तक्रार होईपर्यंत त्यांनी ग्रुप सोडला नाही, कारण सोडला की पुरावा हातचा जाण्याची भीती. पैसे शेवटच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येतात, त्यामुळे तासांना किंमत आहे. काही दिवसांपूर्वी गेलेल्या दोन लाखांपैकी थोडीच रक्कम अडवली जाते, अनेकदा तीही नाही.

घरात असं कोणी आढळलं तर ओरडू नका. लाजेने माणूस पुढचा हप्ता लपून भरतो. पासबुक शेजारी बसून उघडा. आणि तक्रारीनंतर "तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त फी भरा" असा फोन आला, तर तोही फसवणुकीचाच समजा आणि 1930 वर कळवा.