एकेकटे नापास, तिघे मिळून पास

‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकाने १९७४ साली ३२ मोटारींची माहिती छापली होती. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही तिच्यावर हात बसवतात. ‘आर’ या संगणकप्रणालीत ती `mtcars` या नावाने तयारच मिळते. एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते हा त्यातला मुख्य आकडा, आणि त्याच्या शेजारी गाडीच्या गुणधर्मांचे दहा रकाने.

नुसत्या वजनावरून मायलेजचा अंदाज बांधला, तर हजार पौंड वजन वाढले की मायलेज साधारण ५.३ मैलांनी उतरते असे दिसते. प्रत्येक गाडीचा अंदाज किती चुकला ते काढायचे, त्या चुकांचे वर्ग करायचे आणि बेरीज घ्यायची. ती येते २७८.३. आता या मॉडेलमध्ये इंजिनाचे तीन रकाने घालू : सिलिंडरची संख्या, इंजिनाची क्षमता आणि अश्वशक्ती. बेरीज १७०.४ पर्यंत खाली येते.

पण एवढ्यावर खूश होऊन चालत नाही. नवा रकाना घातला की ही बेरीज वाढू शकतच नाही. गाडीमालकाच्या फोन नंबरचा शेवटचा आकडा घातला, तरी ती थोडी घटेलच. म्हणून घट झाली का, हे विचारण्यात अर्थ नाही. निरुपयोगी रकान्यांनीही जेवढी घट होते, तिच्यापेक्षा ही घट किती मोठी आहे, हे पाहायचे. आंशिक एफ-चाचणी नेमके हेच मोजते.

घट झाली १०७.९ ची, आणि तिच्यासाठी तीन रकाने खर्ची पडले. म्हणजे रकान्यामागे सुमारे ३६. मोठ्या मॉडेलमध्ये ३२ गाड्यांमधून पाच आकडे ठरवले (चार गुणक आणि एक स्थिरांक), म्हणून २७ उरतात. १७०.४ ला २७ ने भागले की ६.३ मिळतात. निरुपयोगी रकाना सरासरीने साधारण एवढीच घट घडवतो. ३६ भागिले ६.३ म्हणजे ५.७, हा झाला एफ. रकाने बिनकामाचे असते, तर तो १ च्या आसपास असायला हवा होता. तक्त्यात ३ आणि २७ या जोडीसमोर २.९६ हा आकडा आहे. त्याहून मोठा एफ निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा येतो. आपला ५.७ तर कितीतरी पुढे आहे. (एफ हे अक्षर रोनाल्ड फिशर यांच्या सन्मानार्थ जॉर्ज स्नेडेकर यांनी निवडले.)

```
m1 <- lm(mpg ~ wt, data = mtcars)
m2 <- lm(mpg ~ wt + cyl + disp + hp, data = mtcars)
anova(m1, m2)
```

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच दिसते. `summary(m2)` मागवून तिन्ही रकान्यांची पी-मूल्ये पाहा : सिलिंडर ०.०५९, क्षमता ०.३३, अश्वशक्ती ०.१०. ०.०५ ची रेघ एकही ओलांडत नाही. एकेक तपासून काढून टाकणाऱ्याने तिघांनाही एकदम बाहेर काढले असते. असे होते, कारण ती मूल्ये वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतात : बाकीचे सगळे आधीच आत असताना तुझी भर काय? सिलिंडर आणि क्षमता यांचा सहसंबंध ०.९० आहे. एक काढला की त्याचे बरेचसे काम दुसरा करतो, म्हणून दोघेही अनावश्यक वाटतात. तिघांनाही काढले, तर इंजिनाविषयी काहीच उरत नाही. मात्र तिघांपैकी श्रेय नेमके कोणाचे, हे एफ सांगू शकत नाही.

उरलेले सहा रकानेही घालून पाहिले, तर बेरीज १४७.५ होते. मायलेजमधल्या चढउतारांचा उलगडा ८५ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर जातो. सुधारणाच वाटते! पण सहा रकान्यांमागची घट प्रत्येकी ३.८, आणि भागायचे ते उरलेल्या २१ वर निघणाऱ्या ७.० ने. एफ येतो ०.५४, म्हणजे १ पेक्षाही कमी. अंदाज साधारण किती मैलांनी हुकतो हे पाहिले, तर नुसत्या वजनाला ते ३.०५ होते, इंजिनाचा गट आल्यावर २.५१ झाले आणि सगळे रकाने भरल्यावर उलट २.६५ झाले. इंजिनाचा गट ठेवावा, हे सहा सोडावेत.

ही चाचणी लावताना लहान मॉडेल मोठ्याच्या पोटात पूर्ण बसले पाहिजे. वजनाचे एक आणि अश्वशक्तीचे दुसरे, अशा दोन मॉडेलांची तुलना तिने होत नाही. गटही आकडे पाहण्याआधी, विषयाच्या ज्ञानावरून ठरवलेला हवा. दहातून चांगले दिसणारे तीन वेचून त्यांनाच गट म्हटले, तर तक्त्यातला २.९६ लागू पडत नाही. आणि दोन्ही मॉडेलांमध्ये ओळी त्याच हव्यात. `mtcars` मध्ये एकही जागा रिकामी नाही, पण सर्वेक्षणांच्या माहितीत हमखास असतात. नव्या रकान्यात चार जागा रिकाम्या असल्या, तर `lm` त्या चार ओळी न सांगता वगळते आणि चुकांची बेरीज ओळी कमी झाल्यामुळेही घटते. `anova` अशा वेळी तक्रार करून थांबते. हाताने आकडे मांडणाऱ्याला मात्र ते कळत नाही. रिकाम्या जागांच्या ओळी आधीच काढून, दोन्ही मॉडेले उरलेल्या ओळींवर बसवावीत.