तुलनेआधी तारखांची झाडाझडती

समजा, कोपरगावच्या गोदाकाठाचा एक व्हिडिओ १३ एप्रिल २०२५ रोजी सकाळी ८ वाजता यूट्यूबसह दोन संकेतस्थळांवर झळकला. यूट्यूबच्या फाइलमध्ये त्याचे पहिले प्रेक्षक मात्र १२ एप्रिलच्या रकान्यात दिसतात. यात चूक नाही. यूट्यूबचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मोजला जातो. तेथील उन्हाळी वेळेत तो आपल्याकडे दुपारी साडेबारा वाजता, तर हिवाळ्यात दीड वाजता सुरू होतो. दुसरी फाइल भारतीय वेळेची असेल, तर एकाच दिवसाची तुलना फसवी ठरते. तासागणिक आकडे नसल्यास दिवसाची बेरीज अचूक सरकवता येत नाही. अशा वेळी महिन्याभराच्या बेरजांची तुलना करावी, कारण कडेच्या अर्ध्या दिवसाचा फरक तिथे नगण्य होतो.

दुसरा सापळा तारखेच्या मांडणीचा. अमेरिकी पद्धतीच्या फाइलमधील 04/03/2025 म्हणजे ३ एप्रिल. भारतीय मांडणीचे एक्सेल ती निमूटपणे ४ मार्च करते. 04/13/2025 मात्र तारीख म्हणून ओळखली जात नाही आणि मजकुरासारखी डावीकडे चिकटते. रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की घोटाळा समजावा. फाइल पुन्हा आयात करताना त्या रकान्याचा क्रम ‘महिना-दिवस-वर्ष’ असा निवडावा.

उरले उत्पन्न. डॉलरचा मूळ रकाना तसाच ठेवून शेजारी रुपयांचा रकाना करावा आणि संपूर्ण महिन्याला एकच विनिमय दर लावावा. अन्यथा रुपयाची घसरण व्हिडिओचे यश भासते.