लहान, गोंगाटाच्या घरात मोबाइलवर चित्रीकरण : आधी काय घ्यावे?

घरात बसून बोलण्याचा साधा व्हिडिओ करायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो; कमी पडतो तो त्याचा माइक. चेहरा आणि खांदे चौकटीत नीट बसावेत म्हणून मोबाइल तीन-चार फूट लांब ठेवावा लागतो, आणि माइक मोबाइलमध्येच असल्यामुळे तोही तेवढाच लांब जातो. मग डोक्यावरचा पंखा, कोपऱ्यातला फ्रिज आणि बोलणारा माणूस हे माइकपासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात. लहान खोलीत आणखी एक अडचण असते. बोललेला शब्द उघड्या भिंतींवर, फरशीवर आणि काचेवर आपटून परत येतो, मूळ आवाजात मिसळतो आणि बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ ऐकू येतो.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणणे. माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. चार फुटांवरचा माइक छातीवर, हनुवटीखाली साधारण आठ इंचांवर आणला, तर ही वाढ १५ डेसिबलच्या आसपास जाते. पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज मात्र खोलीभर पसरलेला असतो. माइक हलवल्याने तो फारसा बदलत नाही. म्हणजे खोली तीच, गोंगाट तोच, पण त्याच्या तुलनेत बोलणे कितीतरी ठळक होते. एवढा फरक महागडा मोबाइल घेऊनही पडत नाही, म्हणून नवख्याने पहिला खर्च माइकवर करावा.

कोणता माइक?

सुरुवात फुकटातही होऊ शकते. वायरवाल्या इअरफोनच्या दोरीवर बोलण्यासाठी छोटा माइक असतो. हा इअरफोन घरातल्या जुन्या मोबाइलला जोडायचा, दोरीवरचा माइक छातीजवळ चिकटपट्टीने बसवायचा, आणि त्या मोबाइलवरचे व्हॉइस रेकॉर्डर चालू करून तो खिशात ठेवायचा. चित्रीकरण दुसऱ्या मोबाइलवर चालू करून एकदा जोरात टाळी वाजवायची. नंतर एडिटिंगच्या ॲपमध्ये दोन्ही आवाजांतली टाळी एकमेकींवर बसवली की चित्र आणि आवाज जुळतात. मग कॅमेऱ्याच्या मोबाइलमधला आवाज बंद करायचा. पद्धत थोडी कटकटीची आहे, पण जवळच्या माइकने नेमका किती फरक पडतो हे पैसे न घालवता कळते.

विकत घ्यायचा तर वायरवाला कॉलर माइक ही पहिली योग्य खरेदी. तो साधारणपणे हजार रुपयांच्या आत मिळतो, वायर लांब असते, आणि वायरलेससारखे सिग्नल तुटण्याचे किंवा ऐन वेळी चार्जिंग संपण्याचे भय नसते. वायरलेस कॉलर माइक उभे राहून, हिंडत-फिरत बोलणाऱ्यांच्या सोयीचा. त्याचा रिसीव्हर मोबाइलच्या चार्जिंगच्या जागेत बसतो. अनेक स्वस्त वायरलेस माइक वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, त्यामुळे दाट वस्तीच्या इमारतीत, मधे माणूस किंवा भिंत आली की, आवाज तुटू शकतो. त्यांच्यातली गोंगाट कमी करण्याची सोय जोरात ठेवली तर शब्दांच्या कडाही खाल्ल्या जातात.

मोबाइलवर किंवा स्टँडवर बसवायचा लांबट शॉटगन माइक नवख्याला आकर्षक वाटतो. तो समोरचा आवाज जास्त आणि बाजूचा कमी घेतो हे खरे. पण लहान खोलीत बाजूचा आवाज समोरच्या भिंतीवरून उलटून त्याच्याकडे येतोच, आणि माइक पुन्हा कॅमेऱ्याइतकाच लांब राहतो. म्हणून अशा घरात ती पहिली खरेदी नव्हे.

माइक जोडताना

कॉलर माइक घेऊनही आवाज पूर्वीसारखाच पोकळ येत असेल, तर बहुधा मोबाइलने तो माइक ओळखलेलाच नसतो. याचे पहिले कारण प्लगमध्ये असते. ३.५ मिलिमीटरच्या प्लगवरचे काळे पट्टे मोजावेत. मोबाइलसाठीच्या माइकच्या प्लगवर तीन पट्टे असतात. दोनच असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा प्लग आहे आणि मोबाइलला लावायला वेगळा जोड लागतो. मोबाइलला गोल भोकच नसेल, तर टाइप-सी प्लगचा माइक घ्यावा किंवा माइक चालवणारा ॲडॅप्टर घ्यावा. काही स्वस्त ॲडॅप्टर फक्त गाणी ऐकण्यापुरते चालतात, म्हणून दुकानातच आपल्या मोबाइलला लावून पाहणे चांगले.

दुसरे कारण ॲपचे. काही मोबाइलमधला मूळ कॅमेरा बाहेरचा माइक घेत नाही. अँड्रॉइडवर Open Camera या मोफत ॲपच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये Audio source निवडता येतो. तिथे External mic हा पर्याय घ्यावा.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू करून आधी कॉलर माइकच्या जाळीवर नख हलकेच घासायचे, मग मोबाइलच्या खालच्या छिद्राजवळ घासायचे. परत ऐकताना पहिली खरखर मोठी आणि दुसरी जवळपास नाहीशी असेल, तर जोडणी बरोबर आहे.

माइक लावताना

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर, छातीच्या मध्यभागी लावावा. फार वर, गळ्याशी लावला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज घुसमटतो आणि मान वळवली की कमी-जास्त होतो. दागिना आणि कापड हे माइकचे खरे शत्रू. मंगळसूत्राचे मणी किंवा साखळीचे पदक माइकवर आपटले की प्रत्येक श्वासाला बारीक टकटक येते. ओढणी किंवा साडीचा पदर घासला की खरखर येते. बोलताना हे लक्षात येत नाही, हेडफोनवर ऐकल्यावरच कळते. दागिना बाजूला सारावा, पदर दुसऱ्या खांद्यावरून पिनने घट्ट करावा, आणि माइकच्या चिमट्याखाली वायरचा एक छोटा वळसा अडकवून ठेवावा. म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत पोहोचत नाही.

गोंगाट आणि घुमणे

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. घुमणे कमी होते ते मऊ, जाड वस्तूंनी: गोधडी, गादी, जाड पडदा, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट. बोलणाऱ्याचा आवाज पुढे जातो, म्हणून दोरीवर टाकलेली गोधडी कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला सर्वांत उपयोगी पडते. ती चित्रातही येत नाही. बाजारात मिळणारे फोमचे पातळ चौकोन हेच काम थोड्या प्रमाणात करतात, पण बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत. बाहेरचा आवाज फटींतून येतो. खिडकी बंद करणे आणि दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी ठेवणे हे फोमपेक्षा कामाचे.

पंखा आणि फ्रिज यांचा आवाज सतत एकसारखा असतो. तो ॲपमध्ये बऱ्यापैकी कमी करता येतो, पण चित्रीकरणापुरता पंखा बंद करणे केव्हाही चांगले. बहुतेक मोबाइल आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतात. माणूस थांबला की मोबाइल पातळी वाढवतो आणि दोन वाक्यांच्या मधे पंख्याची घरघर उसळून येते. कुकरची शिटी, हॉर्न, भंगारवाल्याची हाक हे आवाज मात्र अचानक आणि शब्दांवरच येतात. ते नंतर नीट काढता येत नाहीत. तेवढे वाक्य थांबून पुन्हा म्हणणे हाच उपाय. प्रत्येक चित्रीकरणाच्या सुरुवातीला दहा सेकंद न बोलता नुसती खोली रेकॉर्ड केली, तर गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा नमुना मिळतो आणि तोडलेल्या वाक्यांमधली जागाही त्याने भरता येते.

स्टँड आणि उजेड

लहान घरात तीन पायांच्या स्टँडला जागा लागते आणि त्याला पाय अडखळतो. कपाटाच्या किंवा टेबलाच्या कडेला घट्ट बसणारा चिमट्याचा स्टँड जास्त सोयीचा. वाकवता येणारी लांब मानेची नळी मात्र जड मोबाइलने हळूहळू खाली झुकते आणि टेबलाला हात लागताच डुलते.

उजेडासाठी खिडकी असेल तर पहिल्या दिवसापासून दिवा घेण्याची गरज नाही. खिडकी पाठीमागे नको. चेहऱ्याच्या समोर, थोडी तिरपी असावी. घरातला पिवळा बल्ब त्या वेळी बंद ठेवावा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते. रात्री काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. भारतातली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ॲपमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे बहुतेक जातात. तरीही राहिले तर दिवाच बदलावा. गोल रिंग लाइट चष्मा लावणाऱ्याच्या काचेत वर्तुळ उमटवतो, म्हणून तो वर आणि बाजूला ठेवावा लागतो.

एक खोली, एक धडा

समजा, डोंबिवलीत रस्त्याकडेच्या इमारतीत दहा बाय बारा फुटांची खोली आहे, शेजारीच स्वयंपाकघर आहे, आणि दहावीच्या गणिताचा पाच मिनिटांचा धडा चित्रित करायचा आहे. खिडकी रस्त्याकडे आहे. काच लावून पडदा उघडा ठेवला की उजेड येतो आणि रस्ता बराच दबतो. बोलणाऱ्याने खिडकीकडे तिरपे तोंड करून, मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे बसावे. मोबाइल टेबलाच्या कडेच्या चिमट्यात, डोळ्यांच्या उंचीवर, चार फुटांवर ठेवावा; त्याच्या मागे दोरीवर गोधडी टाकावी. कॉलर माइक एक वीत खाली लावावा. कुकर आधीच उतरवलेला असावा, पंखा बंद करावा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा. मग दहा सेकंद शांतता, नखाची चाचणी आणि तीस सेकंदांचा नमुना. तो हेडफोनवर ऐकावा: पोकळ वाटला तर आणखी कापड टांगावे, टकटक आली तर दागिना पाहावा, फाटल्यासारखा आला तर माइक थोडा खाली सरकवावा.

या खोलीसाठी लागणारी खरेदी तीनच वस्तूंची आहे आणि तिचा क्रम ठरलेला आहे: आधी वायरवाला कॉलर माइक, मग चिमट्याचा स्टँड, आणि चित्रीकरण नेहमी अंधार पडल्यावरच करावे लागत असेल तर एक न लुकलुकणारा दिवा.