क्षणाक्षणांच्या उष्णतेची बेरीज

दोन्ही टोके बर्फात ठेवून शून्य अंशावर धरलेली तांब्याची दांडी एकदा तापवून सोडून दिली, तर ती कशी निवते हे उष्णता समीकरण सांगते. फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. पण दांडी निवत असतानाच तिला आतून सतत उष्णता मिळत राहिली, तर समीकरणात आणखी एक पद येते:

u_t = k u_xx + f(x,t)

येथे u म्हणजे तापमान, k म्हणजे त्या पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते हे दाखवणारा अंक आणि f म्हणजे उष्णतेचा स्रोत. प्रसरण अजिबात नसते तर प्रत्येक बिंदूचे तापमान सेकंदाला किती अंशांनी चढले असते, हे f सांगते. असे समीकरण सोडवण्याची रीत झाँ-मारी द्युआमेल (१७९७–१८७२) यांच्या नावाने ओळखली जाते.

सतत चालणारा स्रोत म्हणजे एकामागून एक दिलेले अतिसूक्ष्म झटके, असे या रीतीत मानले जाते. s या क्षणी ds इतका वेळ स्रोत चालला, तर दांडीचे तापमान त्या क्षणात f(x,s) ds ने वाढते. पुढे मात्र त्या झटक्याला स्रोताशी देणेघेणे राहत नाही. ती वाढ म्हणजे s या क्षणीची सुरुवातीची स्थिती, आणि तिचे पुढे काय होते हे स्रोताविना असलेले जुने समीकरणच सांगते. t या क्षणी तिचे वय t − s असते. आधीच्या सर्व झटक्यांचे उरलेले अंश एकत्र केले की उत्तर मिळते.

अशी बेरीज चालते, कारण समीकरण रेषीय आहे: दोन उष्णता एकाच दांडीत पसरत असल्या, तरी एकीमुळे दुसरीच्या पसरण्यात फरक पडत नाही.

२० सेंटिमीटर लांबीच्या दांडीचे उदाहरण घेऊ. तांब्यासाठी k सुमारे १.१ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद असतो. सुरुवातीला सगळी दांडी शून्य अंशावर आहे. स्रोत मध्यभागी सेकंदाला अर्धा अंश देतो आणि टोकांकडे कमी होत जातो: f = 0.5 sin(πx/20). या आकाराची खासियत अशी की निवताना त्याची उंची घटते, पण आकार बदलत नाही. एका झटक्याचा t − s सेकंदांनंतर उरलेला भाग e^(−(t−s)/τ) इतका असतो. येथे τ = 20²/(kπ²), म्हणजे सुमारे ३६.८ सेकंद. हे सर्व भाग s = 0 पासून s = t पर्यंत मिळवले की

u = 0.5 τ (1 − e^(−t/τ)) sin(πx/20)

मध्यभागाचे तापमान ३६.८ सेकंदांत सुमारे ११.६ अंशांवर पोहोचते आणि शेवटी १८.४ अंशांजवळ स्थिरावते. तिथे येणारी आणि टोकांकडे वाहून जाणारी उष्णता सारखी होते. ३६.८ सेकंद जुन्या झटक्याचा ३७ टक्के भाग उरतो. ११० सेकंद जुन्याचा जेमतेम ५ टक्के. म्हणून आत्ताचे तापमान मुख्यतः अलीकडच्या झटक्यांनी ठरते. स्रोत मध्येच बंद केला, तर बेरीज त्या क्षणापर्यंतच करायची. बाकी सूत्र तेच.

हीच बेरीज हातानेही पडताळता येते. दर सेकंदाला अर्ध्या अंशाचा एक झटका धरला, तर प्रत्येक झटक्याचा ०.९७३ पट भाग पुढच्या सेकंदापर्यंत टिकतो. ही भूमिती श्रेढी मिळवली की नुकत्याच दिलेल्या झटक्यासह सुमारे १८.७ अंश येतात. झटके जितके लहान, तितके उत्तर १८.४ च्या जवळ जाते.

सर्वात सर्रास होणारी चूक म्हणजे t − s ऐवजी t लिहिणे. मग सर्व झटके सुरुवातीलाच दिल्यासारखे होतात आणि स्रोत चालू असूनही तापमान अखेरीस शून्याकडे घसरते. चूक तिथेच उघडी पडते. दुसरी चूक एककांची: स्रोत उष्णतेत मोजलेला असेल, तर त्याला घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागावेच लागते. दांडी सुरुवातीला शून्यावर नसेल, तर त्या मूळ उष्णतेचे निवणे वेगळे काढून उत्तरात मिळवायचे.

या रीतीची मर्यादाही रेषीयतेतच आहे. k तापमानानुसार बदलू लागला किंवा पृष्ठभागावरून प्रारणाने उष्णता जाऊ लागली, की एका झटक्याचे भवितव्य इतर झटक्यांवर अवलंबून राहते आणि साधी बेरीज चुकते. k केवळ वेळेनुसार बदलत असेल, तर मात्र बेरीज टिकते. फक्त झटक्याचे वय पुरत नाही, तो कोणत्या क्षणी दिला हेही पाहावे लागते.