‘टायपिंग ६०, अचूकता ९९ टक्के’ : दावा कसा तपासावा?

पतसंस्थेत खातेदारांची माहिती संगणकात भरायला माणूस हवा आहे. समजा, आलेल्या एका बायोडेटात लिहिलंय : ‘टायपिंग मिनिटाला ६० शब्द, अचूकता ९९ टक्के, एमएस ऑफिस येतं.’ यातलं किती खरं मानायचं?

आधी वेग. तो कोणत्या भाषेतला आणि कोणी मोजला, हे लिहिलेलं असायला हवं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं संगणक टायपिंगचं, म्हणजे जीसीसी-टीबीसीचं प्रमाणपत्र असेल तर भाषा आणि वेग दोन्ही त्यावरच दिसतात. सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. प्रमाणपत्राशिवायचे ६० शब्द हा उमेदवाराचा स्वतःचा अंदाज. शिवाय वेग मोजताना साधारणपणे पाच कळा दाबल्या की एक शब्द धरतात. कर्मचारी निवड आयोग डेटा एंट्रीच्या चाचणीत तासाला ८,००० कळा मागतो. म्हणजे मिनिटाला जेमतेम २७ शब्द. त्यामुळे या कामात वेगावरून फार भारावून जायचं कारण नाही.

खरी मेख अचूकतेत आहे. ९९ टक्के म्हणजे शंभर अक्षरांत एक चूक. पण मोबाइल क्रमांकात दहा अंक असतात. शंभर क्रमांक भरले तर हजार अंक झाले आणि त्यांत दहा चुका आल्या. त्या विखुरलेल्या असतील तर शंभरातल्या जवळपास दहा खातेदारांचे क्रमांक बिघडले. म्हणून टक्केवारीपेक्षा ‘रोज २०० अर्ज भरत होतो, दुसरा सहकारी त्यातले २० मूळ कागदाशी ताडून पाही, दिवसअखेर रकमांची बेरीज जुळवत असू’ असं वाक्य जास्त वजनाचं. त्यात काम, पडताळणी आणि पडताळणारा तिन्ही कळतात आणि जुन्या साहेबांना फोन करून खात्रीही करता येते.

‘एमएस ऑफिस येतं’ हे तर सगळेच लिहितात. एमएस-सीआयटीवरून तोंडओळख असल्याचं कळतं, हात बसलाय की नाही ते कळत नाही. ‘मेल मर्ज वापरून सभासदांना नोटिसा काढल्या’, ‘दोन याद्या VLOOKUP ने ताडून दुबार नावं काढली’ असं केलेलं काम लिहिलं असेल तर मुलाखतीत तेच करायला सांगता येतं. मराठी काम असेल तर युनिकोडमध्ये टाइप करता येतं का, हेही विचारावं.

एवढं करूनही बायोडेटा केवळ बोलवायचं कोणाला ते सांगतो. निवड करण्याआधी हाताने भरलेले वीस अर्ज आणि अर्धा तास द्या. मग किती अर्ज भरले ते नंतर मोजा. किती बिनचूक भरले ते आधी.