मागच्या माणसाची यादी

आमच्या साठेक माणसांच्या कंपनीत एक मुलगी रुजू झाली आणि चार दिवस तिला ऑफिसचा ईमेलच नव्हता. लॅपटॉप होता, टेबल होतं, ओळखपत्रसुद्धा होतं. यादीत ‘ईमेल’समोर बरोबरची खूण होती, म्हणून कुणी विचारलंही नाही. ती खूण मात्र तिच्या आधी आलेल्या मुलाची होती. घाईत मी त्याचीच शीट कॉपी करून वरचं नाव तेवढं बदललं होतं. त्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉप होता म्हणून मी एक ओळ काढून टाकली होती, तीही या मुलीच्या यादीतून गायब होती. लॅपटॉप मिळाला तो आयटीवाल्यांच्या लक्षात होतं म्हणून.

तेव्हापासून मागच्या माणसाची यादी पुढच्यासाठी वापरायची नाही, असं ठरवलं. गूगल शीट्समध्ये एक कोरी मूळ यादी केली. तिच्यात कुणाचं नाव नाही, तारीख नाही, खूण नाही. नवीन माणूस ठरला की तिचीच प्रत काढायची. मूळ शीट सगळ्यांना दिसते, पण बदलण्याची परवानगी दोघांनाच आहे.

कोऱ्या यादीत तारीख लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक कामासमोर आकडा लिहायचा. रुजू होण्याचा दिवस शून्य, आधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक. लॅपटॉप तयार ठेवणं उणे ५, ईमेल सुरू करणं उणे १, साहेबांबरोबर पहिली बैठक शून्य. प्रत काढल्यावर `B2` या घरात रुजू होण्याची तारीख टाकायची, बाकी तारखा सूत्र काढतं:

```
=WORKDAY.INTL($B$2, C6, 11, Holidays!$A$2:$A$20)
```

यातला ११ म्हणजे सुट्टी फक्त रविवारी. हा आकडा दिला नाही, तर सूत्र शनिवारही सुट्टीचा धरतं आणि आमच्याकडे शनिवारी काम असतं. `Holidays` या पानावर वर्षभराच्या सुट्ट्या लिहिलेल्या असतात. समजा, कुणी १६ सप्टेंबर २०२६ला, बुधवारी, रुजू होणार आहे. तारखेतून नुसते पाच वजा केले तर शुक्रवार, ११ सप्टेंबर येतो. पण मध्ये रविवार आहे आणि सोमवारी १४ला गणेश चतुर्थी. म्हणजे हातात शुक्रवार, शनिवार आणि मंगळवार एवढेच दिवस उरतात. सूत्र ९ तारीख दाखवतं. मात्र सुट्ट्यांचं पान जानेवारीत भरायचं राहिलं, तर तेच सूत्र गुपचूप १० तारीख देतं आणि चूक झाल्याचं कुठेही दिसत नाही. म्हणून गणपतीच्या आसपासची एक तारीख टाकून मी ते दरवर्षी तपासते.

काम कुणाचं, या रकान्यातही मूळ यादीत नाव नसतं, पद असतं: आयटी, अकाउंट्स, विभागप्रमुख. नाव प्रतीत भरायचं, आणि एका कामाला एकच. ‘एचआर आणि आयटी’ असं लिहिलं की दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतात.

सर्वांत जास्त वेळ मी कामांच्या शब्दांवर घालवला. ‘ईमेल तयार करणे’ यावर आयटीवाला खाते उघडून खूण करतो, पासवर्ड मात्र कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पडून राहतो. आता तिथे दोन ओळी आहेत. उणे १ला ‘खाते उघडून पासवर्ड एचआरकडे दिला’ आणि शून्याला ‘स्वतः लॉगिन करून विभागप्रमुखाला पहिला मेल पाठवला’. दुसरी खूण रुजू झालेल्या माणसानेच करायची.

पीएफचंही तसंच. आधी ओळ होती ‘पीएफ नोंदणी’. आधीच्या नोकरीतला यूएएन विचारायचा राहिला आणि नवा काढला गेला, की एका माणसाचे दोन क्रमांक होतात, नोकरीची वर्षं दोन खात्यांत विभागली जातात आणि जुनी रक्कम वर्ग करताना त्यालाच हेलपाटे पडतात. आता ओळ अशी आहे: ‘पूर्वी पीएफ होता का हे विचारून फॉर्म ११ भरून घेतला; जुना यूएएन असल्यास तोच वापरला’. पहिलीच नोकरी असली तरी ही ओळ राहते.

एखादं काम खरंच नको असेल, तरी ओळ काढायची नाही. समोर ‘लागू नाही’ आणि कारण लिहायचं: ‘स्वतःचा लॅपटॉप’. ओळ दिसत राहिली की चार महिन्यांनी कुणी विचारलं, तर उत्तर तिथेच सापडतं.

अधिक ३० ला शेवटची ओळ येते: काय उशिरा मिळालं, हे नव्या माणसाला विचारणे. मागच्या वेळी एकाने सांगितलं, पार्किंगचा पास कुणाकडून घ्यायचा हे त्याला तिसऱ्या आठवड्यात कळलं. ती ओळ त्याच्या प्रतीत घालून उपयोग नव्हता. त्याच दुपारी ती मूळ यादीत गेली, पद ‘अॅडमिन’, आकडा उणे २.